अभिप्रायाचा रकाना

अंबरनाथच्या ज्या वाचनालयात मी आयुष्यभर नोकरी केली, तिथे वाचकाला कपाटापर्यंत जाता येत नसे. काउंटरच्या अलीकडे वाचक, पलीकडे मी, आणि माझ्या पाठीशी कुलूपबंद कपाटं. काउंटरवर एक जाडजूड नोंदवही असायची. वाचकाने ती चाळायची, हव्या त्या पुस्तकाचा नंबर चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी माझ्याकडे सरकवायची. पुस्तक हातात येण्याआधी त्याला त्याबद्दल कळायचं ते एवढंच: नाव, लेखक आणि शेवटच्या रकान्यातली एक ओळ. त्या रकान्यावर ‘अभिप्राय’ असं छापलेलं होतं. ती ओळ लिहिणं माझं काम होतं.

रकाना माझ्या पंज्याएवढा रुंद. नोंदवह्या उल्हासनगरच्या एका सिंधी बाइंडरकडून बनवून यायच्या. एकदा मी त्याच्याकडे जाऊन रकाना थोडा रुंद करून मागितला. त्याने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, “बहनजी, ज्यादा लिखोगे तो पढ़ेगा कौन?” रकाना होता तेवढाच राहिला. ओळ दुसऱ्या ओळीवर गेलेली कार्यकारिणीला चालत नसे, कारण मग खालच्या पुस्तकाची जागा जायची.

मी बदलापूर गावातली. शेती होती, ती विकत विकत संपत आलेली. मी बी.ए. झाले, ग्रंथपालाचा कोर्स केला आणि चोविसाव्या वर्षी इथे लागले. वडील सगळ्यांना सांगत, पोरगी पुस्तकं वाटते आणि सरकार तिला त्याचा पगार देतं. सरकार देत नव्हतं, अनुदान देत होतं आणि तेही उशिरा, पण मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. घराघरात टीव्ही रंगीत होत होते ती वर्षं. तरी संध्याकाळी काउंटरवर रांग असायची.

ही ओळ मी मनाने लिहायची नसे. त्यासाठी सर होते. उल्हासनगरात कॅम्प चारला राहणारे, रात्रशाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक. वाचनालयाचं एक अर्धवार्षिक निघायचं, त्यात सर नव्या पुस्तकांची परीक्षणं लिहीत. चांगली पाच-सहा पानी, हातकागदावर, सुबक अक्षरात. ते परीक्षण छापायला जाण्याआधी मी त्यातून एक ओळ काढायची, आधी चिठोऱ्यावर लिहून सरांना दाखवायची, त्यांनी मान डोलावली की शाईने नोंदवहीत उतरवायची. मग सर त्या ओळीच्या डाव्या समासात लाल पेन्सिलीने एक बारीक खूण करीत. वाचकांना ती खूण माहीत होती. खूण असली की ओळ सरांची, असं सगळे धरून चालत.

ओळ काढणं मला सुरुवातीला पोरखेळ वाटला. पहिल्याच आठवड्यात एका प्रवासवर्णनाच्या परीक्षणावर मी लिहिलं, ‘वाचनीय प्रवासवर्णन’. सर म्हणाले, हा शब्द हजार पुस्तकांवर बसतो, म्हणजे तो या पुस्तकावर बसत नाही. मी लिहिलं, ‘माहिती उसनी असली तरी रंजक’. ते म्हणाले, माहिती उसनी कुठे आहे? मी परीक्षण पुन्हा पाहिलं. उसनी माहिती फक्त किल्ल्यांच्या इतिहासाच्या भागात होती. माणसं, खाणावळी, रस्ते हे सगळं लेखकाने स्वतः पाहिलेलं होतं आणि सरांनी तसं लिहिलंही होतं. तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते मला आजही त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.

“दोष जिथे आहे तिथेच ठेवायचा. एका खोलीतली ओल घरभर पसरवायची नाही.”

त्यांची एक परीक्षाही होती. दोन माणसं घ्यायची. एकाने सगळं परीक्षण वाचलंय, दुसऱ्याने फक्त ओळ. दोघांनी ते पुस्तक एकाच प्रकारच्या वाचकाच्या हाती दिलं, तर ओळ बरोबर. एकाने दिलं आणि दुसऱ्याने परत कपाटात ठेवलं, तर ओळ चूक, मग तिच्यातला शब्द न् शब्द परीक्षणातून उचललेला का असेना. शिवाय ते म्हणायचे, परीक्षणाची पानं मोजू नकोस. चांगलं असतं ते मी दोन वाक्यांत सांगतो, भांडायला मला पानं लागतात, आणि भांडतो मी ज्याच्यात जीव आहे त्याच्याशीच. हे सगळं मी ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मी तापट होते. अजूनही आहे. एका बैठकीत सरांनी कार्यकारिणीच्या सात माणसांसमोर माझी एक ओळ चार वेळा परत केली. पाचव्यांदा ती बरोबर झाली तेव्हा कोषाध्यक्ष हसून म्हणाले, बाईंचा आज तास झाला. सर हसले नाहीत, पण त्यांनी कोषाध्यक्षांना गप्पही केलं नाही. मी घरी येईपर्यंत धुमसत होते. मला येतं आता, असं मी आईला सांगितलं. आईला काय येतं ते कळलं नाही, तिने मला ताट वाढलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ते पुस्तक आलं.

लेखक आमचाच सभासद होता. जांभूळच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर. तिशीतला, बुटका, नीट इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. त्याचे आईवडील घाटावरून इकडे पाण्याची मोठी पाइपलाइन टाकायच्या कामावर आले होते. पाइप पुढे सरकला की वस्तीही पुढे सरकायची, आणि शेवटी ती इथे थांबली. त्याच्या वडिलांनी धम्म घेतलेला, आई लिहायला-वाचायला न येणारी पण बोलायला लागली की थांबायची नाही. त्या वस्तीवर त्याने पुस्तक लिहिलं होतं. कल्याणच्या एका छोट्या प्रकाशकाने काढलं. हा मुलगा सरांच्या रात्रशाळेत शिकलेला होता आणि दर रविवारी सकाळी सरांकडे जायचा. पुस्तकाची प्रत त्याने माझ्याकडे दाखल करायला दिली, तेव्हा त्याने आपणहून एक गोष्ट सांगितली. दुसरं पुस्तक आईवर लिहायला घेतलंय. वह्या भरल्यात. पण हे पहिलं इथल्या लोकांनी वाचलं तरच त्यात दम आहे असं मी समजणार, नाहीतर नाही. तो हसत म्हणाला, पण ती गंमत नव्हती.

सरांनी परीक्षण सहा पानांचं लिहिलं आणि माझ्याकडे पाठवून दिलं. स्वतः आले नाहीत, कारण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं. मी परीक्षण दुपारी वाचायला घेतलं. पहिलं पान भरभर वाचलं. पुढची चार पानं नुसते दोष: रचना सैल झाली, माणसं मागे पडली, लेखक भाषणं देऊ लागला, मोठमोठी वाक्यं. उदाहरणं देऊन देऊन सरांनी सालटी काढली होती. सहावं पान मी वरवर पाहिलं. हे दोष पुस्तकाच्या शेवटच्या तीन प्रकरणांतले होते. सरांनी ते स्पष्ट लिहिलं होतं आणि ते मी वाचलंही होतं.

चिठोऱ्यावर न लिहिता मी थेट नोंदवहीत लिहायला घेतलं. ‘पाइपलाइनवरच्या मजुरांचं प्रांजळ चित्रण, मात्र रचना सैल आणि भाषणं फार.’ ओळ रकान्याच्या टोकापर्यंत गेली. ‘शेवटच्या तीन प्रकरणांत’ हे शब्द घालायचे राहिले, त्यांना जागा उरली नाही. शाई होती, खोडता येत नव्हतं. मी क्षणभर पाहिलं आणि मनात म्हटलं, जाऊ दे, चार पानं दोषांचीच तर आहेत.

सरांना दाखवायला हवं होतं. कॅम्प चार म्हणजे रिक्षाने वीस मिनिटं. पण तोवर ऑपरेशन होऊन त्यांच्या डोळ्यांना पट्टी होती. मी वाचून दाखवू शकले असते. एक ओळ वाचून दाखवायला किती वेळ लागतो? पण मला जायचं नव्हतं. सात माणसांसमोरचं ते हसू अजून माझ्या अंगावर होतं. टेबलाच्या खणात सरांची लाल पेन्सिल पडलेली होती. मी ती काढली आणि समासात बारीक खूण केली. त्यांच्यासारखीच जमली.

परीक्षण मी ‘छापायचं’ असं लिहिलेल्या फायलीत ठेवलं. पण तो अंक निघालाच नाही. कार्यकारिणीत भांडणं झाली, अर्धवार्षिक बंद पडलं ते पडलंच. त्या सहा पानांतलं जगात बाहेर गेलं ते तेवढंच, रकान्यातली ती एक ओळ.

शनिवारी लेखक आला. रांग नव्हती. त्याने नोंदवही उघडली, आपलं पान शोधलं आणि वाचलं. ओळ वाचायला दोन सेकंद लागतात. तो बराच वेळ उभा होता. मी पुस्तकांवर शिक्के मारत होते, उगाच जोरात. मग त्याने विचारलं, “मॅडम, सरांनी बघितलीय ना ही?”

मी म्हटलं, “खूण आहे ना.”

तो हो म्हणाला. नोंदवही अलगद बंद करून ती पूर्वी होती तशी सरळ ठेवली. मग नेहमीसारखं एक मासिक घेऊन गेला.

त्याच्या पुस्तकाचा नंबर कुणी चिठ्ठीवर लिहीना. आमचे वाचक म्हणजे कारखान्यांतली, ऑफिसांतली माणसं, दिवसभर राबून येणारी. सैल रचना आणि फार भाषणं असं लिहिलेलं पुस्तक ती कशाला घरी नेतील? एक-दोघांचं बोट त्या ओळीवरून खाली सरकताना मी स्वतः पाहिलं. दोन वर्षांत तारखांच्या पट्टीवर दोन शिक्के पडले. त्यातला एक, लाज वाटून मीच घरी नेलं होतं त्याचा. घरी नेलं आणि उघडलं नाही. आठ दिवस ते फडताळात होतं, मी त्या बाजूला पाठ करून झोपत होते.

लेखक दर शनिवारी येत राहिला. कधी तक्रार नाही, कधी चौकशी नाही. पुस्तक सात नंबरच्या कपाटात होतं, काउंटरच्या बरोबर मागे, आणि मी वळले की त्याचा निळा कणा समोर. शेवटी मी ते खालच्या कप्प्यात ठेवलं. मग खाली वाकले की दिसायचं.

सरांचे डोळे बरे झाले तरी बारीक अक्षर त्यांना जमेना. नवी परीक्षणं थांबली. ते महिन्यातून एकदा येत, माझ्या टेबलापाशी बसत. परीक्षण छापून येण्याआधी लेखकाशी त्या पुस्तकाबद्दल बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. आधी छापून येऊ दे, मग तो भांडायला येऊ दे. अंक निघण्याची ते खरोखर वाट पाहत होते. ते आले की मी नोंदवही काउंटरच्या दुसऱ्या टोकाला सरकवून ठेवत असे. एकदा त्यांनी विचारलं, ती ओळ झाली का? मी म्हटलं झाली. दाखव कधीतरी, म्हणाले. मी हो म्हटलं.

पुढच्याच वर्षी कधीतरी ते म्हणाले, “तो हल्ली रविवारी येत नाही गं. माझं काही लागलं का त्याला?”

मी म्हटलं, “ड्युटी बदलली असेल, सर.”

त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं नव्हतं, पण मी खोटं बोलेन असंही त्यांना वाटलं नव्हतं. मला त्या क्षणी सांगता आलं असतं. काउंटर सहा पावलांवर होता. मी उठले आणि त्यांच्यासाठी चहा सांगायला गेले. सहा वर्षांनी सर गेले तोपर्यंत मी ते सांगितलं नाही. अंत्ययात्रेला लेखक आला होता. मागे, सगळ्यांच्या शेवटी चालत होता आणि कुणाशी बोलत नव्हता. मी त्याच्या नजरेला पडू नये अशी चालले.

त्यानंतर मला सर दिसायचे असं म्हटलं तर लोक हसतील. दिसायचे नाहीत. पण कुठलीही ओळ लिहिली की डाव्या समासाकडे माझी नजर जायची, तिथे कुणी तरी थांबलंय असं वाटायचं. घरी किराणाची यादी लिहितानासुद्धा. कुणी माझ्यासमोर कुणाबद्दल म्हटलं की तो माणूस असा आहे, तर माझ्या मनात लगेच यायचं, कुठे असा आहे? सगळीकडे? भावाने एकदा आमच्या वहिनीला आळशी म्हटलं आणि मी त्याला ताडकन विचारलं, सकाळी की संध्याकाळी? त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मी चेष्टा करत नव्हते. मला आता काही एका ओळीत बोलताच येत नव्हतं.

सरांच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या सुमाराला कार्यकारिणीने ठरवलं की त्यांच्या परीक्षणांचं एक पुस्तक काढायचं. गोळा करायचं काम माझ्याकडे. म्हणून ती फाइल उघडावी लागली. सहा पानं तशीच होती, टाचणीला गंज चढलेला. मी टेबलाशी बसून ती या वेळी सावकाश, पहिल्या शब्दापासून वाचली.

पहिल्या पानावर लिहिलं होतं: ‘पहिली दीडशे पानं मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली नाही.’ बस्स, एवढंच. ज्या माणसाने आयुष्यभर पेन्सिलीशिवाय वर्तमानपत्रही वाचलं नाही त्याची ही दोन वाक्यं. त्याहून मोठी शाबासकी सरांनी कुणाला दिलेली मला माहीत नाही. मी त्या वाक्यांवरून घसरून गेले होते, कारण ती दोनच होती. मग भांडणाची चार पानं, सगळी त्या तीन प्रकरणांशी. आणि सहाव्या पानावर शेवटी: ‘लेखकाची आई बोलू लागली की हे पुस्तक आपल्याला हात धरून बसवतं. शेवटी लेखक तिला गप्प करून स्वतः बोलतो, तिथेच माझं त्याच्याशी भांडण आहे. तिला आणखी बोलू द्या. तिचं बोलणं हे भाषण नव्हे.’

मी फाइल मिटली आणि शिपाईमामांना सांगितलं की मला बरं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी ते सहा कागद घेऊन जांभूळला गेले. बदलापूरहून लांब नाही, पण मी तिथे कधी गेले नव्हते. त्याचं घर केंद्राच्या जवळच होतं, पत्र्याच्या खोलीपुढे नवीन स्लॅबची खोली काढलेली. त्याच्या बायकोने दार उघडलं, मला ताई म्हणाली, आत बसवलं. फळीवर बुद्धाची लहान मूर्ती होती आणि तिच्याखाली एका म्हातारीचा फोटो, त्याला हार. त्याची आई गेल्याला तीन वर्षं झाली, असं बायकोने सांगितलं. मला ठाऊक नव्हतं. दर शनिवारी तो माणूस माझ्यासमोर येत होता आणि मला ठाऊक नव्हतं.

तो ड्युटीवरून आला. मला पाहून दचकला. मी आधी कागद दिले नाहीत. आधी सांगितलं. ती ओळ सरांनी पाहिली नव्हती. ती माझी होती. खूणही माझी होती. सर त्यावेळी पट्टी बांधून घरी होते आणि मी त्यांच्यावर रागावले होते. हे सांगताना मी त्याच्या पायांकडे बघत होते. मग कागद पुढे केले.

त्याने ते उभ्यानेच वाचले. पहिल्या पानावर थांबला. मधली चार पानं वाचताना त्याची मान हळूहळू हलत होती, एका ठिकाणी तर तो पुटपुटला की हे बरोबर आहे. सहाव्या पानाशी तो खाली बसला. शेवटचं वाक्य त्याने मोठ्याने वाचलं. मग परत वाचलं. आत बायकोने स्टो बंद केला, त्यामुळे तिसऱ्यांदा वाचलं ते फार स्वच्छ ऐकू आलं.

मी विचारलं की दुसरं पुस्तक कुठवर आलंय. मला वाटत होतं तो म्हणेल लिहिलंच नाही. तेही मला चाललं असतं, मी त्याची तयारी करून आले होते.

तो उठला, पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत पाठपोट लिहिलेले अकरा कागद होते. “एवढं राहिलं,” तो म्हणाला. मग त्याने सांगितलं, शांतपणे, जसं केंद्रातल्या कामाबद्दल सांगत असावा तसं. तीन वह्या होत्या. आईसमोर बसून, ती बोलेल तसं लिहून घेतलेलं. नोंदवहीतली ओळ वाचल्यावर त्याने ती ओळ पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतली, सरांनी सांगितलंय म्हणून. आणि दुरुस्त करायला बसला. भाषणं फार. म्हणून जिथे जिथे भाषण वाटलं तिथे काढलं. रचना सैल. म्हणून जिथे आई एका गोष्टीतून दुसरीत जायची तिथे काढलं. दर वेळी नव्याने लिहायचा आणि जुनी पानं बंबात घालायचा, परत मोह नको म्हणून. आई पाटावर बसून बघायची. ती एकदा म्हणाली होती, माझं काय चुकलं रे बोलण्यात? तो तिला म्हणाला होता, तुझं नाही, माझं चुकतंय, सरांनी सांगितलंय. पाच-सहा वर्षं काढत काढत हे अकरा कागद राहिले.

“सरांकडे जायची हिंमत होईना,” तो म्हणाला. “वाटायचं, नीट झालं की नेऊन दाखवू.”

मी रडले. तो रडला नाही. त्याची बायको चहा घेऊन आली, तिने दोघांकडे पाहिलं आणि चहा फोटोखालच्या स्टुलावर ठेवून परत गेली. मी माफी मागितली, त्याने ती घेतली की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. त्याने एवढंच म्हटलं की हे सहा कागद माझ्याकडे राहू द्या, सरांच्या पुस्तकासाठी मी तुम्हाला नक्कल काढून देईन. मी म्हटलं राहू द्या. निघताना मी विचारलं, नोंदवहीतली ओळ बदलू का? विचारताना मला ते किती क्षुल्लक वाटलं.

तो दारात उभा होता. “बदला, मॅडम,” तो म्हणाला. “पण खूण करू नका.”

दुसऱ्या दिवशी मी वाचनालय उघडायच्या आधी तासभर गेले. जुन्या ओळीवर डकवायला त्या रकान्याच्या मापाची कागदाची पट्टी कापली. समासातली ती लाल खूण रबराने घासली, पूर्ण गेली नाही, फिकट डाग राहिला. मग चिठोऱ्यावर लिहायला बसले. सरांची दोन माणसं समोर घेतली, एक सगळं परीक्षण वाचलेला, एक फक्त ओळ वाचणारा. सात-आठ वेळा लिहिलं. शेवटी झालं ते असं: ‘पाइपलाइनवरच्या वस्तीची आणि आईची पुन्हा वाचावी अशी कहाणी, शेवटच्या तीन प्रकरणांत मात्र आईऐवजी लेखकच बोलतो.’

जुन्या ओळीपेक्षा ही बरीच लांब होती. मावणार नाही म्हणून मी आधी एक जास्तीची पट्टी कापून ठेवली होती. तिची गरज पडली नाही. अक्षर थोडं बारीक काढलं, एवढंच. ओळ रकान्यात पूर्ण मावली आणि उजवीकडे बोटभर जागा उरली.